मुहूर्ताची गाडी आणि बुकिंगची तारीख

निम्मी भांडी घासून झाली होती, तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन आला. ती गाड्यांच्या शोरूममध्ये जाहिराती लिहिते.

"ताई, ऐका. 'नववर्षाच्या शुभेच्छा! पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी न्या, हेल्मेट मोफत. बुकिंग आदल्या दिवसापर्यंत.' साहेबांना अस्संच हवं होतं."

"अगं, गाडीच्या आरटीओ नोंदणीलाच चार दिवस लागतात ना?"

"तेच तर! मी पाच दिवस आधीची तारीख घातली, तर म्हणाले, गिऱ्हाईक पळेल."

"मुहूर्ताच्या नावानं खोटं नको गं बाई."

"म्हटलं त्यांना, पाडव्याला हार घेऊन आलेल्यांना तुम्हीच तोंड द्या. मी सुट्टीवर!"

"मग?"

"साहेबांनी मुकाट्यानं माझीच तारीख ठेवली."

गुणाची गं पोर! मी हात पुसून देवापुढे साखर ठेवली.

"ठेवते फोन, ताई. पाडव्याच्या गाड्यांसाठी शोरूमतर्फे हारांची ऑर्डर द्यायला फुलवाल्याकडे जायचंय."