एका अर्जाची दोन लेबलं

ताडकळसच्या शिक्षिकाबाईंचा बदलीचा अर्ज मीच उडवला. परभणीच्या आमच्या कचेरीत मेलबॉक्स आवरताना तो मेल 'बदली' आणि 'ताडकळस' अशा दोन्ही लेबलांखाली दिसला. लेबल म्हणजे फोल्डरच, ही माझी पक्की समजूत. दोन प्रती कशाला, म्हणून 'ताडकळस'मधली डिलीट केली. दुपारी बदलीच्या अर्जांची यादी वर पाठवायची, तर 'बदली'तूनही अर्ज गायब. बाई समोरच बसलेल्या. तासभर मी मेलबॉक्सवरच चिडत होतो. शेवटी हेडक्लार्क मॅडमनी ट्रॅशमधून तो परत आणला.

"मेल एकच असतो, त्याला चिठ्ठ्या दोन लावल्यात. नको ती चिठ्ठी काढायची सोडून तुमी कागदच फेकला."

बाई उठता उठता म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या मॅडम, आधी यांची बदली करा."