पाच, पंचवीस आणि मधले दहा

हर्सूलच्या घरातून ड्यूटीला निघाले की वाटेत एक लोखंडी फाटक लागतं. त्याला दोन पट्ट्या तिरक्या मारल्यात, फुलीसारख्या. त्या फुलीच्या मधोमध मला रोज दहाचा आकडा दिसतो. वेड लागलंय म्हणा हवं तर. फाटक नाही असा रस्ता शोधला, तर खिडकीच्या जाळीत दिसायला लागला.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. चार वर्षांपूर्वी बिडकीनकडची एक बाई आली, घर मेंढ्या राखणारं. तिची मुलगी वेळेआधी झालेली, अंगात साखर कमी. डॉक्टरांनी दहा टक्क्यांचं ग्लुकोज लावायला सांगितलं. दहाची बाटली संपलेली. पाच टक्क्यांची होती, पंचवीसची होती. अशा वेळी आम्ही दोन्ही मिसळून दहा करतो, त्यात नवल काही नाही.

कागदावर डावीकडं वर पाच लिहायचे, खाली पंचवीस, मधे हवे ते दहा. मग वजाबाकी तिरकी, फुलीसारखी. पंचवीसातून दहा गेले, पंधरा उरले, ते उजवीकडं वर, पाचासमोर. दहातून पाच गेले, पाच उरले, ते खाली, पंचवीसासमोर. म्हणजे पातळाचे तीन भाग, दाटाचा एक. चाळीस मिली करायचं तर तीस आणि दहा. दहा पाचाच्या जवळ, म्हणून पाचाचंच जास्त लागणार, हे ताक घुसळणाऱ्या बाईलाही कळेल.

मला त्या दुपारी कळलं नाही. बाटली का नाही म्हणून स्टोअरवाल्याशी फोनवर कडाकडा भांडले होते. माझा राग नाकावर, आई म्हणायची ते खोटं नाही. त्याच रागात वजाबाकी केली आणि सरळ लिहिली. पाचासमोर पाच, पंचवीसासमोर पंधरा. पातळ दहा मिली, दाट तीस. त्या सिरिंजमध्ये चार ग्रॅम साखर हवी होती, आठ भरली. दहा टक्क्यांच्या जागी वीस.

आमच्यात दुसऱ्या नर्सनं आकडे आणि बाटल्या बघून सही करायची असते. तिच्या मांडीवर दुसरं बाळ होतं, ती त्याला नळीनं दूध देत होती. मी म्हटलं, कर गं सही, माझं कधी चुकलंय का? तिनं न बघता केली. मी सिरिंज थेंबथेंब औषध ढकलणाऱ्या पंपावर लावली.

दोन तासांनी साखर तपासली तर नको तितकी वर. सुईभोवती हात सुजलेला, कातडी पांढरी पडलेली. मी पंप बंद केला, कागद बघितला आणि उलटे पडलेले आकडे दिसले. डॉक्टरांना लगेच सगळं सांगितलं. ते धावले, मला बोलले, नोंद केली. पोर वाचली. हातावरची कातडी मात्र काळी पडली, जखम भरायला लई दिवस लागले, वण राहिला. बाळाच्या आईला सांगितलं गेलं की शीर नाजूक होती, सलाईन बाहेर गेलं. ते खरंच होतं, अर्धं; कातडी जाळली ती दुप्पट दाट साखरेनं. मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले.

मागच्या महिन्यात ती बाई परत आली. दुसरं बाळ, तीच तक्रार, तीच दहाची बाटली नसलेली. काचेबाहेर चार वर्षांची पोर काचेला हात लावून उभी. वण मी लांबूनच ओळखला. बाई माझा हात धरून म्हणाली, "ताई, पोरीला तुमी वाचवलं. याला बी तुमच्याच हातचं लावा."

मी फुली काढली. तीस आणि दहा. सहकारी नर्सला खुर्चीत बसवून दोन्ही बाटल्या दाखवल्या, साखर मोजून घेतली, चाळीसात चार ग्रॅम. तिनं सही केली. सिरिंज घेऊन बाळापाशी गेले आणि माझ्याच्यानं पुढं होईना. एवढ्या वर्षांची चोरी घेऊन त्या चिमुकल्या हाताला शिवायचं कसं?

मी म्हटलं, "ताई, पोरीच्या हातावरचा डाग माझ्या चुकीचा हाय. मी औषध दुप्पट दाट केलं होतं."

तिनं काचेवर टेकलेल्या पोरीच्या हाताकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी तिनं सिरिंजकडं बघून विचारलं, "आज कुणी तपासलं का?"

"व्हय. हिनं, माझ्यासमोर."

"मग लावा."

मी लावलं. साखर हळूहळू जागेवर आली, बाळाचा हात शेवटपर्यंत मऊ आणि गुलाबी राहिला. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होते. बाई स्टूल ओढून पंपाजवळ बसली होती. मी जवळ गेले की ती बाळावरची नजर काढून माझ्या हातांवर ठेवायची.