हरलेल्या तिकिटांची वही

बाबा रेसकोर्सवर हरलेलं एकही तिकीट फेकत नसत. ती तारीखवार वहीत चिकटवायचं काम माझं होतं. एकदा त्यांना जॅकपॉट लागला, तेव्हा क्लबने तीस टक्के कर कापूनच पैसे दिले. उरलेले पुढच्या रेसमध्ये गेले. वर्षभराची हार दाखवून कर परत मिळवू आणि त्यातून माझ्या कॉम्प्युटर कोर्सची फी भरू, असं बाबांनी धरलं होतं.

नारायण पेठेतल्या कर सल्लागारांनी वही चाळली. "चिकटवलंय सुबक. पण जिंकलेल्या रकमेतून हार वजा होत नाही, साहेब. कर कापल्याचा दाखला तेवढा द्या."

"मग ही वही?"

"ती घरच्यांना दाखवा."

जिना उतरताना बाबा म्हणाले, "कायदा बदलेल. तू चिकटवत राहा."

फी भरायची मुदत उद्या संपत होती. मी वही काखोटीला मारून त्यांच्या मागे उतरले.