मुंढा उसवताना थांबलेली माणसं

शिवणकामाचे व्हिडिओ मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून करतो. हाटकेश भागातल्या आमच्या गाळ्यात मी शिवते. ती शूट करते, नावं देते.

ब्लाउजच्या मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा, व्हिडिओ चोवीस मिनिटांचा झाला. त्यात बाही चुकीची जोडून, काखेत पडलेल्या चुण्या दाखवून मी ती उसवली होती.

"ताई, एवढं कोण बघतंय? यापुढे पाच मिनिटांचेच करू," जाऊ म्हणाली.

पाच मिनिटांत मुंढा शिकवता येत नाही. शेवटी ठरलं : एक आठवडा तिचं शीर्षक, एक आठवडा माझं. बाकी चित्रबित्र तेच. माझं हरलं तर लांब व्हिडिओ बंद.

तिचं होतं, 'पाच मिनिटांत परफेक्ट ब्लाउज'. तिच्या आठवड्यात समोर शीर्षक आलेल्या शंभरांतल्या नऊ जणांनी ते दाबलं. माझं होतं, 'काखेत चुण्या का पडतात? सावकाश समजून घ्या'. माझ्या आठवड्यात मी व्हिडिओची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. मदत होईल म्हणून.

सोमवारी आकडे बघितले. शंभरात सहाच. आणि पाहण्याची सरासरी वेळही तीन मिनिटांवर.

"हरलात ताई."

मी कापड आवरायला घेतलं. ती मात्र स्क्रीनकडे बघत राहिली. "थांबा. लिंकवरून एवढी माणसं कुठून आली?"

मी सांगितलं.

"म्हणजे आपलीच माणसं. उघडलं, बदाम टाकला, बंद केलं." हसून तिने बाहेरच्या लिंकवरून आलेले सगळे बाजूला काढले, दोन्ही आठवड्यांतून. शंभरांतले नऊ आणि सहा तेच राहिले. तो हिशेब लिंकवाल्यांना धरतच नाही. पण वेळ बदलली. तिच्या शीर्षकावर सरासरी दोन मिनिटं, माझ्या शीर्षकावर अकरा. शंभर जणांमागे एकूण किती मिनिटं पाहिलं, ते तिने मांडलं : नऊ दुणे अठरा. सहा गुणिले अकरा, सहासष्ट.

तिने पुन्हा केलं. सहासष्टच.

मग तिने आलेख उघडला. कुठल्या मिनिटाला किती जण होते, त्याची रेघ. सुरुवातीला घसरली, मग सपाट, आणि सोळाव्या मिनिटाला चक्क वर चढली. तिथे मी बाही उसवत होते. तोंडातून शब्द नाही, नुसता ब्लेडचा आवाज. ती चार मिनिटं कापून टाक, असं मीच तिला म्हणाले होते.

"मागे नेऊन परत बघतायत," ती हळू म्हणाली. "घरात कोणी तुमचं अर्धं वाक्यही ऐकत नाही, ताई."

खरं होतं. आणि ही माणसं कुठल्या गावातली, कुठल्या मशीनपुढे बसलेली, मला माहीत नाही. माझी चूक उसवताना ती थांबली होती. तीस वर्षं शिवते आहे. माझा टाका इतकं निरखून कोणी पाहिल्याचं आठवत नाही.

जावेने शीर्षक माझंच ठेवलं. मी पुढच्या व्हिडिओसाठी कापड अंथरलं, आणि मुद्दाम कॉलर चुकीची बेतली.