दोन खिडक्या, एकच टोकन

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये मी ज्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, तिथे डायलिसिसच्या रुग्णांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या आणि परत सोडणाऱ्या गाड्यांचं नियोजन करणारा एक प्रोग्राम बनतो. तो ब्राउझरमध्येच चालतो. त्यात लॉगिनचा भाग माझा. पहिल्या वर्षी मी तो नव्याने लिहिला, आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

साधी गोष्ट होती. माणसाने सकाळी एकदा पासवर्ड टाकला की ब्राउझरला दोन टोकन, म्हणजे तात्पुरते डिजिटल परवाने, मिळतात. एक रोजच्या कामाचं, पंधरा मिनिटांत संपणारं. दुसरं ते संपलं की नवं मागून आणणारं, म्हणजे रिफ्रेश टोकन. हे दुसरं एकदाच वापरता येतं. वापरलं की सर्व्हर ते बाद करतो आणि त्याच्या जागी नवं देतो. बाद झालेलं टोकन कुणी पुन्हा आणलं, तर सर्व्हर समजतो की ते चोरीला गेलंय. मग तो त्या लॉगिनपासून निघालेली सगळी टोकन रद्द करतो आणि माणसाला बाहेर काढतो. शिवाय मला एक ईमेल येते. हा सगळा नियम मी मन लावून लिहिला होता.

त्या वसंतात एकाच बाईच्या नावाने त्या ईमेल येऊ लागल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका वाहतूक कंपनीत त्या बाई कोणत्या फेरीला कोणती गाडी हे ठरवायचं काम करत. पन्नाशी ओलांडलेल्या असाव्यात, असं फोनवरच्या आवाजावरून वाटे. दिवसातून दोन-तीनदा त्या आपोआप बाहेर फेकल्या जात. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी सबंध दिवसात एकदाही नाही. त्यांच्या तक्रारी लांबलचक नसत. "पुन्हा झालं. फोनवर रुग्ण होता." एवढंच.

मी माझ्या मशीनवर करून पाहिलं. काही होईना. दोन टॅब उघडून पाहिल्या, तरी काही होईना. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उघडल्या तर प्रत्येक वेळी तेच: जुनं टोकन पुन्हा वापरलं गेलं. इंटरनेटचा पत्ताही त्यांच्याच ऑफिसचा. मला त्याच आठवड्यात दुसरं एक काम संपवायचं होतं. मी उत्तर लिहिलं, "एकच खातं दोन ठिकाणी वापरलं जात असल्याचं दिसतं. कृपया पासवर्ड कुणाला देऊ नये आणि तो लगेच बदलावा." ते त्यांना पाठवलं आणि, तक्रारीच्या नोंदीत त्यांचाही पत्ता होता म्हणून, त्यांच्या साहेबांनाही गेलं.

त्यांनी पासवर्ड बदलला. ईमेल पुन्हा आली. त्यांनी तो पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी सकाळी आठला बदलला आणि साडेनऊला माझ्या स्क्रीनवर चोरीची सूचना हजर. दीड तासात कोण चोरणार? त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागेना. जेवायला कँटीनमध्ये गेले आणि ताट तसंच ठेवून परत आले.

शेजारच्या टेबलावर सोलापूरचा एक सहकारी बसतो. त्याला म्हटलं, "अरे, जरा बघ ना. बाई पासवर्ड वाटत फिरतायत, की मीच काहीतरी घोळ घातलाय?"

त्याने खुर्ची सरकवली, लॉग वाचला आणि माझं उत्तरही वाचलं. मग म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"हो. का?"

"दोन माणसांनी एकच पासवर्ड वापरला, तर दोघांची दोन वेगळी लॉगिन होतात ना? दोघांना वेगळी टोकन मिळणार. त्यांची एकमेकांशी टक्कर कशी होईल?"

हे मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं ते. तरीही घाईत, सगळ्यात सोपं वाटलं म्हणून, एका अनोळखी बाईवर ढकलून मी मोकळी झाले होते.

"आता लॉगमधली वेळ नीट उघड," तो म्हणाला. "इथे फक्त मिनिटं दिसतायत."

उघडली. जुनं टोकन दोनदा आलं होतं, आणि दोन्हींमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अंतर होतं. चोर असता तर तो इतक्या अचूक वेळी, पुन्हा पुन्हा, त्याच ब्राउझरमधून आला असता का?

घरी नवऱ्याने विचारलं, "काय झालंय? दोनदा चहा ठेवलास आणि दोन्हीदा विसरलीस." मी सांगितलं. तो म्हणाला, "मग जा ना उद्या त्यांच्याकडे. इथून काय दिसणार आहे?"

दुसऱ्या दिवशी टीम लीडला विचारून मी गेले. आधी ट्राम, मग बस. एका औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. खोलीत तीन टेबलं. त्या खिडकीजवळच्या टेबलावर होत्या. आखूड पांढरे केस, कानात हेडसेट, समोर दोन स्क्रीन. फोन चालू असतानाच त्यांनी हाताने खुर्ची दाखवली. फोन ठेवून म्हणाल्या, "तुम्हीच ना ते लिहिणाऱ्या?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद टेबलावर ठेवला. आबमानुंग, म्हणजे नोकरीतली लेखी ताकीद. 'खात्याचा पासवर्ड इतरांना दिल्याबद्दल.' खाली साहेबांची सही. माझं वाक्य त्यात जवळपास जसंच्या तसं होतं.

"मी एकवीस वर्षं इथे आहे," त्या म्हणाल्या. "मी तर घराची किल्लीसुद्धा कुणाला देत नाही."

माफी मागावी, तर अजून कारणच हाती नव्हतं. म्हटलं, "मला तुमच्या शेजारी बसू द्याल? तुम्ही नेहमीसारखं काम करा."

त्यांनी खांदे उडवले आणि कामाला लागल्या. डाव्या स्क्रीनवर दिवसभराच्या फेऱ्यांची यादी, उजव्यावर गाड्यांचा नकाशा. फोन आला की डावीकडे नाव शोधायच्या, उजवीकडे गाडी बघायच्या आणि कॉम्प्युटरच्या आधी वहीत लिहायच्या. मी पाहत राहिले. दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हा नकाशा म्हणजे दुसरी टॅब आहे का?"

"हो. दुसरी स्क्रीन मिळाल्यापासून ती ओढून तिकडे ठेवते. दोन्ही सतत दिसायला हव्यात."

"स्क्रीन कधी मिळाली?"

"मार्चमध्ये."

ईमेल मार्चपासूनच सुरू झाल्या होत्या. बाकी दोघांच्या टेबलांवर एकेकच स्क्रीन होती.

मग सगळं उलगडत गेलं. दोन्ही टॅब दर दहा सेकंदांनी सर्व्हरकडे नवी माहिती मागत. टोकन संपलं की पहिल्याच मागणीला नकार मिळे आणि ती टॅब रिफ्रेश टोकन घेऊन नवं आणायला धावे. तिचं नवं टोकन येईपर्यंत दुसऱ्या टॅबनेही तेच केलं, तर दोघींच्या हातात तेच जुनं रिफ्रेश टोकन असे. पहिलीचं चालायचं, दुसरीचं बाद झालेलं. सर्व्हर म्हणायचा, चोरी! की दोघीही बाहेर. वेळा जुळल्या नाहीत तर काहीच व्हायचं नाही, म्हणून कधी व्हायचं, कधी नाही. तिथलं इंटरनेटही मंद होतं. उत्तर यायला जितका उशीर, तितकी टक्कर होण्याची संधी जास्त. आणि माझ्या ऑफिसात हे घडत नव्हतं, कारण मी एकाच खिडकीत दोन टॅब उघडत होते. नजरेआड गेलेली टॅब माहिती मागायची थांबते, ही सोय आम्हीच केली होती.

मी त्यांच्या ब्राउझरची तांत्रिक नोंद उघडून बसले. त्या फोन घेत राहिल्या. मला पाय हलवल्याशिवाय बसवत नव्हतं. सव्वा अकराच्या सुमारास एका आजोबांशी त्यांचं बोलणं चाललेलं असताना दोन्ही स्क्रीन एकदम लॉगिनच्या पानावर आल्या. नोंदीत दोन ओळी, एकाखाली एक, तेच टोकन.

त्यांनी आजोबांना सांगितलं, "एक मिनिट थांबा हं, तुमच्या गाडीची वेळ शोधते," आणि वहीत बघून गाडीची वेळ सांगितली. फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहिलं.

"सापडलं," मी म्हटलं. "तुमचं काहीही चुकलेलं नाही. माझं चुकलंय. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं, ते न तपासता लिहिलं. मला माफ करा."

त्यांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून उपयोग नाही. लिहून द्या. ते जसं लिहिलं होतं, तसं."

परतीच्या बसमध्ये मी ते पत्र फोनवरच लिहायला घेतलं. ऑफिसात टीम लीडला दाखवलं तर तो म्हणाला, "तांत्रिक अडचण होती, ती सोडवतोय, एवढं पुरे. चूक आपली असं कशाला लिहायचं?"

"कारण त्यांच्या फाइलमध्ये माझ्या वाक्यावरून ताकीद आहे," मी म्हटलं. त्याने पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि तो म्हणाला, "बरं, पाठव." पत्र साहेबांना गेलं, प्रत त्यांना.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. आता एक टॅब टोकन आणायला निघाली की ब्राउझरमध्ये कुलूप लावते. दुसरी थांबते, आणि कुलूप निघालं की आधी बघते, नवं टोकन आलंय का. असेल तर तेच वापरते. सर्व्हरकडेही मी काही सेकंदांची सवलत दिली. तेवढ्यात तेच जुनं टोकन परत आलं, तर सगळ्यांना हाकलायच्या ऐवजी नुकतंच दिलेलं नवं टोकन पुन्हा द्यायचं. यावर सोलापूरकराशी माझं जोरात भांडण झालं.

"त्या सेकंदांत खरा चोर आला तर?" त्याने विचारलं.

"तर त्याला ते टोकन मिळेल. धोका आहे, मान्य. पण खूप छोटा."

शेवटी सवलत दहा सेकंदांवरून तीनवर आली. चाचणीसाठी टोकनचं आयुष्य वीस सेकंद करून, दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडून आम्ही दुपारभर बघत बसलो. कुणी बाहेर पडलं नाही. तरी मला खात्री वाटेना. पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी कोट काढायच्या आधी लॉग उघडत होते.

त्यांच्या नावाने ईमेल आली नाही. उत्तरही आलं नाही. ताकीद मागे घेतली की नाही, हे विचारायचा धीर मला होईना.

जूनमध्ये फोन वाजला. त्याच होत्या.

"फेऱ्यांची यादी छापली की उजवीकडची वेळ अर्धी कापली जाते," त्या म्हणाल्या. "हे कुणाकडे सांगायचं मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला फोन केला."

मी लिहून घेतलं. मग न राहवून विचारलं, "ते पत्र... त्या ताकिदीचं काय झालं?"

"फाइलमधून काढली. साहेब काही बोलले नाहीत, पण काढली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तर वेळ. डावीकडची नाही, उजवीकडची."

"एक छापील कागद मला पाठवाल का?"

"पाठवते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही येऊन बघा. कागदावरून नाही कळणार."

मी गुरुवारी सकाळची वेळ घेतली.