राखीव दोन दिवस

काष्टीच्या बाजारादिवशी फिल्म दाखवणार, अशी पत्रकं मी आधीच वाटली होती. मग तारखेपासून उलटं मोजलं: आदला दिवस एक्सपोर्टला, म्हणजे फिल्मची अंतिम फाइल काढायला, त्याआधी दोन राखीव, त्याआधी तीन दिवस फिल्ममधल्या कांदा निवडणाऱ्या बायांना दाखवून दुरुस्त्या करायला, त्याआधी दहा एडिटिंगला, चार फुटेज निवडायला. मला एकही मुलाखत गाळवेना. निवडण्यातच आठ दिवस गेले. राखीव दिवस खाऊनही दोन कमी पडले.

"बायांना दाखवणं गाळू," एडिटर मैत्रीण म्हणाली.

त्यांच्यावरची फिल्म त्यांच्याआधी गावाने पाहायची? मी माझ्या आवाजातलं लाडकं निवेदनच काढायला लावलं. ते बसवायचे दोन दिवस वाचले.

कच्ची फिल्म बघून एक बाई हळूच म्हणाली, "ताई, माझं तोंड झाका. कांद्याच्या वखारीचा मालक बाजाराला येतोय."

तिचा चेहरा झाकूनच एक्सपोर्ट लावलं.