बिनलेबलचा डबा

शिरूरला मुलींच्या क्रीडा हॉस्टेलमध्ये मी तीन वर्षं राहिले. मी कबड्डी खेळायचे. माझ्या खोलीत दौंडची एक मुलगी होती, कुस्ती करणारी. तिचे वडील दौंडला रेल्वेत नोकरीला होते. अंगानं आडवी, पण बोलायला इतकी हळू की दोनदा विचारावं लागायचं.

माझा चुलतभाऊ रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. तो ज्या जिममध्ये जायचा तिथल्या मालकानं मोठ्या पिंपातली पावडर काढून त्याला एका साध्या पांढऱ्या डब्यात भरून दिली होती. तोच डबा त्यानं मला आणून दिला. डब्यावर ना नाव, ना कागद. मी रोज दुधातून एक चमचा घ्यायचे. दहाबारा दिवसांनी मीच खोलीतल्या या मैत्रिणीला म्हटलं, "तू पण घे की. ताकद येती." तिनं विचारलं, "कशाची हाय?" मी म्हणाले, "प्रोटीनच असणार." तिनं ग्लास पुढं केला. तेव्हापासून तीही रोज घ्यायची.

महिनाभरानं तिनं राष्ट्रीय स्पर्धेत ब्राँझ जिंकलं. तिथंच उत्तेजकांच्या चाचणीसाठी तिची लघवी घेतली. फॉर्मवर, गेल्या सात दिवसांत काय काय औषधं, पावडरी घेतल्या, असा रकाना होता. तिनं तो कोरा सोडला. मी दिलेला चमचा तिला औषध वाटलाच नव्हता.

ती परत आल्यावर आठवड्याभरात वॉर्डन मॅडमनी रविवारी सकाळी सगळ्यांना मेसमध्ये बसवलं. शेजारच्या जिल्ह्यातली एक मुलगी अशाच चाचणीत पकडली गेली होती.

"पोरींनो," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या अंगात सापडलं ते तुमचंच. कुणी दिलं, मला म्हाईत नव्हतं, हे ऐकून कुणी सोडत न्हाई. पावडर, गोळी, काढा, सर्दीचं औषध, काही असू द्या, तोंडात घालायच्या आधी लेबल वाचायचं, बंदी असलेल्या औषधांच्या यादीशी ताडून बघायचं. यादी दरवर्षी बदलती. डॉक्टरला सांगायचं, मी खेळाडू हाय. प्रयोगशाळेत तपासलेल्या लॉटचा डबा घ्या, तरी शंभर टक्के खात्री कुणी देत न्हाई. आन् ज्याच्यावर लेबलच न्हाई, ते कुणाला द्यायचं न्हाई, कुणाकडून घ्यायचं न्हाई."

मग मेसच्या टेबलाकडं बोट दाखवत मॅडम म्हणाल्या, "ज्याच्याकडं जे असंल ते इथं आणून ठेवा. फेकू नका. मी रागावणार न्हाई."

मुली ट्रंका उघडायला पळाल्या. टेबलावर च्यवनप्राशच्या बरण्या, खोकल्याच्या बाटल्या, गोळ्यांच्या पट्ट्या गोळा झाल्या. मैत्रीण माझ्याकडं बघत होती. मी मान हलवून नाही म्हटलं. मला लाज वाटली, भीतीही वाटली. दुपारी सगळ्या झोपल्या तेव्हा मी डबा मोरीत ओतला, आतून घासून धुतला आणि घोडनदीच्या पुलावरून खाली टाकला. आल्यावर तिला म्हणाले, "संपला विषय." ती म्हणाली, "बरं."

दीड महिन्यानं नोटीस आली. तिच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं होतं, आणि त्या दिवसापासून तिचं खेळणं बंद होतं. तिनं नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग उघडायला लावला, त्यातही तेच निघालं.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "तिनं तुझं नाव घेतलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ती मेसमध्ये काय खाती ते मला म्हाईत हाय. तुझ्याकडचा पांढरा डबा पोरींनी बघितलाय, तो कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. मॅडमनी नोटीस पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "त्यात काय होतं ते तपासून घेता आलं असतं. उघडलेला डबा होता, त्यामुळं पुरावा म्हणून किती धरला असता देव जाणे. पण हातात काहीतरी असतं. आता तुझं तोंड तेवढं राहिलं."

मी लेखी जबाब दिला. तुझ्यावरही कारवाई होऊ शकते, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. चुलतभाऊ जिमच्या मालकाकडं गेला, तर तो म्हणाला, "मी तुला काही दिलंच नाही." पुरावा नव्हता, त्यामुळं सुनावणीत माझं बोलणं कुणाला पटलं नाही. तिला चार वर्षांची बंदी झाली. मी नोटिशीची वाट बघत राहिले. मला काही आलं नाही.

त्यानंतर मी एकदाच न्हावऱ्यामार्गे एसटीनं दौंडला गेले. दार तिच्या आईनं उघडलं. चहा झाला, भाकरी झाली, आई माझ्या खेळाचं विचारत राहिली. डबा माझा होता हे मैत्रिणीनं आईला सांगितलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मैत्रीण शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. निघताना ती फाटकापर्यंत आली. मी म्हणाले, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू मला विष दिलंस का?" ती म्हणाली. "तुला जे चांगलं वाटलं ते दिलंस."

तिनं आरोप केला असता तर सोसलं असतं. आता मी शाळेत खेळ शिकवते. मैदानात एखादी मुलगी दुसरीसमोर बाटली धरते. मी धावत जाते, बाटली ओढून घेते, मुली घाबरतात. साधं पाणी असतं त्यात.